तिचा पेपर कोण लिहिणार?

मैत्रिणींनो, शाळेत पालकांकडून चिठ्ठ्याचपाट्या कितीतरी जातात. आजारपणाची रजा, फी उशिरा भरण्याची विनंती, सहलीची परवानगी. हल्ली आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळांतही एक वेगळंच पत्र येऊ लागलंय. ते मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेलं असतं आणि त्यात मागणी असते की, या विद्यार्थिनीला पेपर लिहायला जादा वेळ द्यावा आणि लेखनिक द्यावा. लेखनिक म्हणजे तिने उत्तर तोंडाने सांगायचं आणि दुसऱ्या मुलाने वा मुलीने ते शब्द न् शब्द कागदावर उतरवायचं.

हे पत्र आलं की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "मग आम्हीच पेपर लिहून देतो की!" घरात आजी विचारते, "पोरीच्या डोक्यात काही बिघाड आहे का?" आणि आई बिचारी दोन्हीकडून बोलणी खाते. २००७ साली 'तारे जमीं पर' आला तेव्हा आपण सगळ्यांनी डोळे पुसले होते. पण त्यातला मुलगा चित्रं सुरेख काढायचा. ज्या मुलीला चित्रबित्र काही येत नाही, जिला फक्त इतिहासाच्या पेपरात पास व्हायचंय, तिचं काय? तिच्यासाठी हे पत्र असतं. म्हणून ते नीट समजून घेऊ या.

आमच्या बचत गटातल्या एका बाईची मुलगी. वडिलांची पिठाची गिरणी, घरात दोन म्हशी, शिकवणीला पैसे घालण्याची तयारी. मुलगी आठवीत होती. स्वभावाने गरीब, वर्गात खाली मान घालून बसणारी. अशा मुलींकडे कुणाचं लक्ष जात नाही. मुलगा असता तर एव्हाना दंगा करून त्याने बाईंचं लक्ष वेधून घेतलं असतं! तिला मी विचारलं, १८५७चा उठाव का फसला गं? तर तिने घडाघडा कारणं सांगितली. उठाव सगळीकडे एकाच वेळी झाला नाही, एक नेता नव्हता, इंग्रजांकडे दळणवळणाची साधनं होती. त्याच प्रश्नाचं सहामाहीच्या पेपरातलं उत्तर आईने मला दाखवलं. दोन ओळी होत्या. पुढची अडीच पानं कोरी.

तिच्या वह्या चाळल्या तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. जोडाक्षरं मोडलेली, 'विद्यार्थी'चा 'विदयाथी' झालेला. रफार गायब. वेलांटी कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल. फळ्यावरचं उतरवताना मधली एखादी ओळच गाळलेली. आणि एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. ही शेवटची खूण मला महत्त्वाची वाटते. ज्याला शब्द ठाऊकच नाही तो दर वेळी एकच चूक करतो. हिच्याकडे शब्द होता, पण त्याचं चित्र डोक्यात ठरत नव्हतं. वह्या पाचवीपासून अशाच होत्या, म्हणजे हा आठवीतला आळस नव्हता.

अर्थात नुसत्या वह्यांवरून काही ठरत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावे लागतात, कारण चष्म्याचा नंबर वाढल्यामुळेही ओळी सुटतात. शाळा फार बुडली होती का, मध्येच माध्यम बदललं का, हेही विचारतात. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांकडे जायचं. इथे एक सांगून ठेवते. पाटीवर 'समुपदेशक' लिहिलंय म्हणून भागत नाही. चाचणी घेणाऱ्या मॅडमच्या किंवा सरांच्या सहीखाली भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. तो नसेल तर पुढे त्या कागदाला कुणी विचारत नाही आणि खर्च केलेले पैसे पाण्यात जातात.

आमच्या या मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तीन वेळा जावं लागलं. पहिल्या दिवशी बुद्धिमापन झालं. मॅलिन यांनी नागपुरात काम करताना भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी त्यासाठी अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरतात. हे मापन कशासाठी, तर मुलीची बुद्धी सर्वसाधारण आहे आणि तरीही वाचन-लेखन मागे आहे, एवढं सिद्ध व्हावं म्हणून. दोन्हींतलं हे अंतर म्हणजेच विशिष्ट अध्ययन अक्षमता. मतिमंदत्व निराळं आणि हे निराळं. आजीला हेच समजावून सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला!

पुढच्या दोन खेपांना वाचन, श्रुतलेखन, गणित आणि लिहिण्याचा वेग बघितला. मग त्या मॅडमनी शाळेसाठी पत्र दिलं. मी आजवर अशी बरीच पत्रं पाहिली आहेत. बहुतेकांत "सदर विद्यार्थिनीस अध्ययन अक्षमता असल्याने सर्व सवलती द्याव्यात" एवढी एकच ओळ असते. अशा पत्राचं शाळा काय करणार? फाईलला लावते आणि मोकळी होते. हे पत्र तसं नव्हतं. आईच्या परवानगीने त्यातला मुख्य भाग देते.

"विद्यार्थिनीची बौद्धिक क्षमता सर्वसाधारण आहे. ऐकून समजणे व तोंडी उत्तर देणे वयानुरूप आहे. वाचन चौथीच्या पातळीचे आहे. वीस जोडाक्षरयुक्त शब्दांच्या श्रुतलेखनात सात शब्द बरोबर आले. समोरचा उतारा पाहून लिहिताना पाच मिनिटांत तीस शब्द लिहून झाले. हाच उतारा तिच्या वर्गातील पाच मुलींना शाळेने लिहावयास दिला असता त्यांचा वेग सरासरी मिनिटाला तेरा शब्द आला. सबब, १) लेखी परीक्षेत दर तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळावा. २) दीर्घोत्तरी प्रश्न असलेल्या विषयांसाठी लेखनिक मिळावा व त्याने प्रश्नपत्रिका वाचूनही दाखवावी. ३) शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण कापू नयेत. गणितातील उदाहरणे व आकृत्या विद्यार्थिनी स्वतः सोडवू शकते. तेथे लेखनिकाची आवश्यकता नाही, केवळ प्रश्न वाचून दाखवावा."

बघा, प्रत्येक मागणीच्या मागे एक मोजलेली गोष्ट आहे. शिवाय जिथे गरज नाही तिथे गरज नाही असंही स्पष्ट म्हटलंय. मुख्याध्यापकांचा विश्वास बसला तो मला वाटतं त्या शेवटच्या वाक्यामुळे. आणि वर्गातल्या पाच मुलींना तोच उतारा द्यायला लावणं ही त्या मॅडमची हुशारीच. शाळेने स्वतः मोजलेला आकडा शाळेला नाकारता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जादा वेळ दिला ना, मग लेखनिक आणखी कशाला? शाळेनेही हेच विचारलं. वेळ देतो म्हणाले, लेखनिकाचं जमायचं नाही. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर हिशेब मांडला. इतिहासाचा चाळीस गुणांचा पेपर, वेळ दोन तास. बऱ्यापैकी लिहिणारी मुलगी त्यात समजा नऊशे शब्द लिहिते. मिनिटाला तेरा शब्दांनी तिला सत्तर मिनिटं लागतात. उरलेल्या पन्नास मिनिटांत ती प्रश्न वाचते, आठवते, विचार करते. आमच्या मुलीला मिनिटाला सहा शब्दांनी तेवढंच लिहायला दीडशे मिनिटं हवीत. दोन तासांत चाळीस मिनिटं मिळवली तर होतात एकशे साठ. म्हणजे वाचायला, आठवायला, विचार करायला उरली दहा मिनिटं! आणि प्रश्न वाचायलाच तिला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो. शिवाय दीडशे मिनिटं एकाच वेगाने हात चालतो असं थोडंच आहे? तासाभरानंतर तिची बोटं आखडायची, अक्षर आणखी बिघडायचं.

हाच वेग मिनिटाला नऊ शब्द असता तर शंभर मिनिटांत काम झालं असतं आणि नुसत्या जादा वेळाने भागलं असतं. म्हणून हे पत्र प्रत्येक मुलाचं वेगळं असायला हवं. एकाला वेळ पुरतो. एकाला लेखनिक लागतो. एखाद्याला लिहिता छान येतं, पण प्रश्नच वाचता येत नाही, त्याला फक्त वाचून दाखवणारा हवा असतो. शेजारणीच्या मुलाचं पत्र झेरॉक्स करून आपल्या मुलाचं नाव घालून चालणार नाही. (हसू नका, असंही करून बघितलेलं मला ठाऊक आहे.)

या मुलींना लिहायला एवढा वेळ का लागतो, तेही सांगते. आपण लिहितो तेव्हा हात आपोआप चालतो, डोकं पुढच्या वाक्याकडे गेलेलं असतं. भाकरी थापताना आपण गप्पा मारू शकतो, तसंच. तिचं मात्र आठवीतही प्रत्येक अक्षर पहिल्यांदाच काढल्यासारखं. वेलांटी कुठली, काना दिला का, हे आठवण्यातच सगळी शक्ती खर्च होते. तोवर इंग्रजांच्या दळणवळणाची साधनं डोक्यातून निसटलेली असतात. म्हणून "रोज पाच पानं शुद्धलेखन काढ" हा आपला रामबाण उपाय तिला लागू पडत नाही. तिला शिकवायची पद्धत वेगळी, त्यासाठी विशेष शिक्षक लागतो आणि त्यालाही काही वर्षं जातात. परीक्षा तर दर सहा महिन्यांनी येतेच.

शाळेने नाही म्हटलं तर? दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहे. त्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता नावानिशी आहे. त्याच्या सतराव्या कलमात परीक्षेत जादा वेळ, लेखनिकाची सोय आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. सोळाव्या कलमात तर अशी मुलं लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारीच शाळेवर टाकली आहे. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नव्हे. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. लिहिताना हात आखडणाऱ्या या तरुणाला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला होता. अपंगत्व चाळीस टक्के नाही एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. त्यावरून २०२२ साली केंद्र सरकारने चाळीस टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. पण मैत्रिणींनो, कायद्याचं पुस्तक घेऊन शाळेत भांडायला जाण्याआधी मुख्याध्यापकांचं म्हणणंही ऐकावं, असं मला वाटतं. आमच्या सरांच्या शंका खोट्या नव्हत्या. वेगळी खोली कुठून आणू, पर्यवेक्षक कोण, लेखनिकाने स्वतःच उत्तरं घातली तर, उद्या दहा पालक असंच पत्र घेऊन आले तर? यातल्या प्रत्येक शंकेला उत्तर आहे, पण ते शांतपणे द्यावं लागतं. ग्रंथालयात एक टेबल आणि एक शिक्षक, एवढ्यावर भागतं. लेखनिक खालच्या इयत्तेतला घ्यायचा, म्हणजे उत्तर त्याला येतच नसतं. आणि दहा पालक आले तर दहांनाही तीन खेपा घालून चाचण्या द्याव्या लागतील. मौजेखातर एवढं कोण करतं?

शेवटी नववीच्या सहामाहीला लेखनिक मिळाला. आठवीतली एक मुलगी. आणि निकाल काय? इतिहासात अकरा गुण वाढले आणि मराठीत चार कमी झाले! आई रडवेली होऊन माझ्याकडे आली, "ताई, सगळं करून काय मिळालं?"

पेपर मागवून पाहिला तेव्हा कारण कळलं. इतिहासाची उत्तरं सांगणं सोपं, मुद्दे असतात. निबंध मात्र तिने गप्पा माराव्या तसा सांगितला होता. वाक्य कुठे संपलं ते सांगितलं नाही, नवा परिच्छेद सांगितला नाही, मध्येच "अगं नाही, ते खोड" असं दोनदा झालं, आणि लिहिणारी मुलगी गोंधळली. लेखनिकाला काय सांगायचं आणि कसं, हे शिकावं लागतं. तोंडाने उत्तर देणं वेगळं आणि उत्तर लिहून घेणं वेगळं. मग दिवाळीनंतर दोघी आठवड्यातून दोन दिवस आमच्या अंगणात बसू लागल्या. आधी डोक्यात तीन मुद्दे ठरवायचे. ते बोटांवर मोजायचे. मग एकेक वाक्य सांगायचं, "पूर्णविराम" म्हणायचं, लिहून होईपर्यंत थांबायचं, आणि उत्तर संपलं की वाचून घ्यायचं. लिहिणारीलाही नियम सांगितले. तिने जे सांगितलं तेच लिहायचं, सुधारायचं नाही, "हे बरोबर आहे का?" असं डोळ्यांनीही विचारायचं नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत दोघींची लय जमली. ही तयारी दहावीच्या जानेवारीत सुरू करून चालत नाही. वर्ष लागतं.

जादा वेळाचीही एक गंमत सांगते. शाळेने पहिल्या वेळी तो दिला, पण कसा? दोन पेपरांच्या मधली सुट्टी कापून! मुलगी तीन तास डबा न खाता बसली. कागदोपत्री सवलत मिळाली होती, कुणाचं काही चुकलं नव्हतं. आईने मुलीला "डबा खाल्लास का?" एवढं विचारलं म्हणून कळलं. आणि वेगळी खोली नसेल तर आणखी एक होतं. घंटा झाली, सगळा वर्ग दप्तरं उचलून कलकलाट करत बाहेर पडला, की ही एकटी मागे राहायला लाजते आणि पेपर देऊन टाकते. म्हणून पहिल्या दोन-तीन पेपरांनंतर मुलीला विचारा, नेमकी किती वाजता बाहेर आलीस?

चाचणीचा सविस्तर अहवाल आणि शाळेला द्यायचं पत्र, हे दोन कागद वेगळे ठेवा. अहवालात घरातल्या गोष्टी असतात, कोण भांडतं, कोण पितं, मूल कधी चालायला लागलं. एका शाळेत असा अहवाल स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला गेल्याचं मला माहीत आहे. शाळेला दीड पानाचं पत्र पुरतं. ते देताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायला विसरू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. हे पत्र शाळेच्या आपल्या परीक्षांना चालतं, कारण त्या परीक्षा शाळेच्या हातात असतात. दहावीला मात्र बोर्डाला सरकारी दाखला लागतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारने नेमलेल्या मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासणी होते. हे कळल्यावर आमच्या घरी खरं वादळ उठलं. वडील म्हणाले, "पत्रापर्यंत ठीक होतं. अपंगाचा दाखला नको. उद्या स्थळं बघायला लागू तेव्हा कुणी काढलं तर?" मुलगा असता तर त्यांनी दाखल्याला नाही म्हटलं नसतं, असं मला वाटतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. ते चिडले. पण पुढे त्या माउलीने जे विचारलं ते मला सुचलं नसतं. ती नवऱ्याला म्हणाली, "दाखला कपाटात राहील. दहावी नापास झाली तर ते गावभर कळेल. बोला, कुठलं लपवायचं?"

दाखला निघाला. त्यावर पुन्हा तपासणीची तारीख असेल तर ती बघून ठेवायची, कारण वाढत्या वयात असा दाखला मुदतीचा असू शकतो आणि मुदत संपलेला कागद बोर्ड परत पाठवतं. दाखल्याची प्रत, शाळेचं शिफारसपत्र, लेखनिकाचा फोटो आणि ती कुठल्या इयत्तेत आहे याचा तिच्या शाळेचा दाखला, असा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरतात, त्याच वेळी हे करायचं. मंजुरीचं पत्र हातात आलं की परीक्षा केंद्रावर आधीच जाऊन दाखवायचं. पेपरच्या दिवशी सकाळी साडेदहाला केंद्रावर वाद घालण्यात मुलीचा जीव अर्धा होतो.

आमची ही मुलगी यंदा दहावीत आहे. प्रस्ताव गेलाय. लेखनिक तीच, आता नववीत गेलेली. ती ऐन वेळी तापाने पडली तर म्हणून नववीतल्याच दुसऱ्या एका मुलीचे कागदही तयार करून ठेवलेत, आणि अंगणातल्या बैठकीला आता तिघी असतात. भूमितीच्या पेपराला लेखनिक लागणारच नाही. परवा मी तिला गमतीने म्हटलं, घे की, आयता मिळतोय. तर म्हणाली, "नको मावशी, तिच्या वर्तुळाला टोक येतं. आकृत्या माझ्या मीच काढणार."